सर्व्हिस बुकलेटच्या फोटोंवरून गाडीचं कुठलं काम थकलंय ते कसं काढायचं

प्रश्न: मुलुंडला राहतो. गेल्या आठवड्यात २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने सर्व्हिस बुकलेटचे फोटो आणि शेवटची दोन बिलं व्हॉट्सॲपवर पाठवली, ती जोडतोय. आज १४ जून २०२५ ला ओडोमीटर ४७,८६० दाखवतंय. ४०,००० च्या रकान्यात शिक्का आहे, म्हणजे आता थेट ५०,००० ला सर्व्हिस करायची ना? की काही राहून गेलंय? रोज अंधेरीला जाऊन-येऊन ३५ किमी होतील.

उत्तर: ५०,००० ची वाट पाहू नका. तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल फेब्रुवारीतच थकलंय. दोन-तीन कामं तर अशी आहेत की ती कधी झाली याचा एकाही फोटोत पुरावा नाही. हे कसं काढलं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःला काढता येईल. मी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता कुर्ल्यात माझं गॅरेज आहे. सेकंडहँड गाडी आली की गाडीखाली जाण्याआधी मी बुकलेट घेऊन बसतो.

बुकलेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. एक असतो तक्ता: कुठलं काम किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी करायचं ते कंपनीने छापलेलं. दुसरी असतात शिक्क्यांची पानं: गाडी कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर वर्कशॉपमध्ये आली ते. शिक्का एवढंच सांगतो की गाडी त्या दिवशी तिथे होती. त्या दिवशी काय बदललं हे फक्त बिल सांगतं. ‘४०,००० चा शिक्का आहे’ यावरून ‘४०,००० ची सगळी कामं झाली’ असं धरता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत ती झालेली दिसतच नाहीत.

आधी फोटो नीट वाचले गेलेत का ते बघू, कारण एक आकडा चुकला की पुढचा सगळा हिशोब चुकतो. तुमच्या पानांवरून मला या नोंदी मिळाल्या: ९ सप्टेंबर २०१८ ला १,०४०, २ फेब्रुवारी २०१९ ला ४,९१०, १७ ऑगस्ट २०१९ ला ९,८७०, १० ऑक्टोबर २०२० ला १४,२२०, ६ नोव्हेंबर २०२१ ला २१,३५०, मग १२ मार्च २०२३, आणि शेवटची १२ फेब्रुवारी २०२४ ला ३८,६४०. मार्च २०२३ च्या नोंदीवर शिक्क्याची शाई पसरली आहे. तो आकडा ३०,७८० ही वाटतो आणि ३६,७८० ही. दोन्ही आकडे आधीच्या आणि नंतरच्या नोंदींच्या मधेच बसतात, त्यामुळे चढत्या क्रमावरून निकाल लागत नाही. मग दरमहा रनिंग काढून बघायचं. ३६,७८० धरलं, तर नोव्हेंबर २०२१ पासूनच्या सोळा महिन्यांत गाडी महिन्याला जवळपास ९६० किमी चालली आणि पुढच्या अकरा महिन्यांत एकदम महिन्याला १७० वर आली. ३०,७८० धरलं, तर आधी महिन्याला ५९० आणि नंतर ७१५ येतं, म्हणजे एकाच माणसाची एकसारखी चाल. शिवाय त्याच पानावर कोपऱ्यात ‘पुढची सर्व्हिस’ म्हणून हाताने ४०,७८० लिहिलंय. त्यातून दहा हजार वजा करा, ३०,७८० च येतात. आकड्याबद्दल शंका आली की हे दोन पडताळे आधी करा. हाताने लिहिलेल्या आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७, ० आणि ६ यांचा घोळ नेहमीचा.

ओडोमीटरच्या फोटोत ‘ट्रिप’ नव्हे तर ‘ओडो’ दिसतंय, ते बरोबर आहे. इग्निशन चालू करून, स्क्रीनवर कुठलं मीटर आहे ते दिसेल असाच फोटो काढायचा. एका पानाचा फोटो मात्र कमी पडतोय. पान क्रमांक बघा, मधलं एक पान गळलंय. ते कोरं असलं तरी मला हवंय, कारण ‘पान कोरं आहे’ आणि ‘पानाचा फोटोच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्याचा फोटोही पुस्तक सपाट दाबून, उजेडात परत काढा. आत्ताच्या फोटोत पान शिवणीकडे वळलंय आणि रांगा तिरक्या दिसतात, त्यामुळे ब्रेक फ्लुइडची खूण कूलंटच्या रांगेत गेल्यासारखी वाटते. पेट्रोल, सीएनजी आणि डिझेलचे तक्ते शेजारी-शेजारी छापलेले असतात. तुमचा पेट्रोलचाच वाचताय ना, हेही एकदा बघा. तक्त्यात ‘आर’ असेल तिथे भाग बदलायचा असतो आणि ‘आय’ असेल तिथे तपासून गरजेप्रमाणे करायचं असतं. तुमच्या तक्त्याखाली तसं लिहिलेलं वाचता येतंय.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तक्त्यात ऑइल आणि ऑइल फिल्टरसमोर ‘१०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ असं आहे. हे दहा हजार शेवटच्या बदलापासून मोजायचे, छापलेल्या गोल आकड्यापासून नाही. शेवटचा बदल ३८,६४० ला झाला आणि तो बिलात आहे. म्हणजे किलोमीटरने मुदत ४८,६४० ला आणि तारखेने १२ फेब्रुवारी २०२५ ला. किलोमीटरने अजून ७८० बाकी आहेत, पण तारखेने चार महिने उलटून गेलेत. ५०,००० पर्यंत थांबलात तर तुमच्या रनिंगने ऑगस्टचा शेवट येईल. तोवर ऑइल अठरा महिन्यांचं आणि ११,३६० किमी चाललेलं असेल.

जुन्या मालकाने ‘सगळं वेळेवर केलंय’ असं सांगितलं असेल तर तो फसवत होता असं मला वाटत नाही. नोंदी बघितल्या तर तो फक्त किलोमीटर बघायचा. २०१९ ते २०२० मधे चौदा महिने, २०२१ ते २०२३ मधे सोळा महिने, आणि आता पुन्हा सोळा. त्याच्या डोक्यात दहा हजार झाले नाहीत म्हणजे वेळ झाली नाही. मुंबईत कमी चालणाऱ्या गाड्यांचं हे सर्रास होतं. इथे किलोमीटर हळू वाढतात, पण इंजिन तासन्‌तास चालू असतं. जेव्हीएलआरवर संध्याकाळी सरासरी पंधराच्या वेगाने गेलात तर तुमचे ३५ किमी कापायला सव्वादोन तास इंजिन चालतं. हायवेवर तेवढ्याच वेळात गाडी दीडशे किलोमीटर गेली असती. छोट्या, थांबत-थांबत केलेल्या फेऱ्यांत थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा ऑइलमधे मिसळत राहतो, आणि तो उडून जाण्याइतकं ऑइल बराच वेळ तापत नाही. म्हणूनच तक्त्यात महिन्यांची रांग असते. बहुतेक बुकलेटमधे ‘कठीण वापर’ अशा अर्थाचं एक वेगळं पान असतं, त्यात धूळ, ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्या येतात आणि मुदती कमी केलेल्या असतात. तुमच्या फोटोंत ते पान नाही, तेही शोधून वाचा.

आधीच्या वर्षांत झालेल्या उशिरांचं आता काही करता येत नाही, त्यामुळे त्यांची यादी करत बसू नका. एकच गोष्ट बघा. थंड इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूला हात लावा. तपकिरी, पातळ थर असेल तर ठीक. काळा, चिकट, ग्रीससारखा गाळ असेल तर मेकॅनिकला दाखवा. मग पुढचे दोन बदल मी पाच-पाच हजारांवर घ्यायला सांगेन.

आता ४०,००० च्या कामांकडे येऊ. तुमच्या तक्त्यात ४०,००० च्या उभ्या रकान्यात चार ठिकाणी ‘आर’ आहे: ऑइल व फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक फ्लुइड. ब्रेक फ्लुइडला त्याशिवाय दोन वर्षांचीही अट आहे. ३८,६४० चं बिल वाचा. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन वॉशर, ‘कूलंट टॉप-अप’, ‘एअर फिल्टर क्लीन’, लेबर आणि वॉशिंग एवढंच आहे. बिल वाचताना क्रियापद बघायचं. ‘क्लीन’, ‘चेक’ आणि ‘टॉप-अप’ ही कामं बदलण्यात मोजायची नाहीत. ३०,७८० च्या बिलातही प्लग किंवा ब्रेक फ्लुइड नाही. गाडी ४०,००० च्या आधी १,३६० किमी आली होती, त्यामुळे कदाचित ‘पुढच्या वेळी करू’ असं ठरलं असेल. पुढची वेळ आलीच नाही.

इथे मी कामं तीन ढिगांत टाकतो: नक्की थकलेली, पुरावा नसलेली, आणि पुढे येणारी. मधला ढीग वेगळा ठेवणं फार गरजेचं आहे. पुरावा नाही याचा अर्थ काम झालंच नाही असा होत नाही. जुन्या मालकाने बाहेरच्या गॅरेजमधे प्लग बदलून घेतले असू शकतात. पण झालंय असंही धरता येत नाही. मग प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: हे बघून कळतं का? कळत असेल तर बघा, आणि कळत नसेल तर बदलायला किती लागतं आणि न बदलल्यास काय बिघडतं ते तोला.

एअर फिल्टर बघून कळतो. डबा उघडायचा, घड्या उजेडासमोर धरायच्या, विषय संपला. प्लगही काढून बघता येतात. टोकाचा इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला असेल आणि गॅप वाढलेला असेल तर ते जुने आहेत. फक्त ते साधे निकेलचे आहेत की इरिडियमचे हे प्लगवरच्या नंबरावरून पाहून घ्या, कारण इरिडियमची मुदत बरीच जास्त असते आणि चांगले प्लग उगाच फेकले जातात.

ब्रेक फ्लुइडवर मात्र मी अडून बसेन. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. ‘डॉट ४’ प्रतीच्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. साधारण ३.७ टक्के पाणी शोषलं की त्याच मानकाची किमान मर्यादा १५५ वर येते. रोजच्या मुलुंड-अंधेरीत तुम्हाला काही जाणवणार नाही. पण भरलेली गाडी घेऊन माळशेज किंवा कसारा घाट उतरताना ब्रेक सतत तापले, तर आतलं पाणी उकळून वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. तुमच्या नोंदींत ते कधीच बदललेलं दिसत नाही, म्हणजे ते ऑगस्ट २०१८ चंच असण्याची शक्यता आहे. दोन वर्षांची मुदत आणि वय सात वर्षांच्या आसपास. टेस्टर पेन बुडवून ओलावा मोजता येतो, पण ते पेन टाकीतलं सांगतं, चाकाजवळच्या कॅलिपरमधलं नाही. म्हणून मी इथे तपासत बसत नाही, चारही चाकांतून ब्लीड करून पूर्ण बदलतो. अर्ध्या ते एक लिटरचं काम आहे.

कूलंटची गंमत वेगळी आहे. तुमच्या तक्त्यात दीर्घ मुदतीचं कूलंट आहे, पहिला बदल १,६०,००० किमी किंवा ८ वर्षांनी. किलोमीटर बघून कुणीही म्हणेल अजून खूप लांब आहे. पण आठ वर्षं ऑगस्ट २०२६ ला पूर्ण होतात, म्हणजे चौदा महिन्यांवर. त्यात फेब्रुवारी २०२४ ला टॉप-अप झालाय. काय घातलं, तेच कूलंट, दुसरं एखादं की नुसतं पाणी, हे बिलात नाही. दुसरं काही मिसळलं असेल तर आठ वर्षांचा भरवसा धरता येत नाही. शिवाय बंद सिस्टीममधली पातळी कमी का झाली हाही प्रश्न आहे. टाकीवर मार्करने आजची पातळी आखा, तारीख लिहा आणि महिन्याने थंड इंजिनवर पुन्हा बघा. पातळी उतरली तर आधी गळती शोधायची.

तुमचा आजचा हिशोब असा झाला:

| काम | शेवटचा पुरावा | मुदत | आज |
|---|---|---|---|
| ऑइल व फिल्टर | ३८,६४० / फेब्रु. २०२४ | ४८,६४० किंवा फेब्रु. २०२५ | थकलंय, ४ महिने |
| ब्रेक फ्लुइड | नाही | दर ४०,००० किंवा २ वर्षं | थकलंय असं धरा, बदला |
| एअर फिल्टर | फक्त साफ केला | ४०,००० | उघडून बघा, बहुधा बदलावा लागेल |
| स्पार्क प्लग | नाही | ४०,००० | काढून बघा |
| कूलंट | टॉप-अप, कशाचा ते माहीत नाही | १,६०,००० किंवा ऑगस्ट २०२६ | पातळीवर लक्ष |

गॅरेजला जाण्याआधी एक फोन करा. फेब्रुवारी २०२४ नंतर बुकलेटमधे नोंद नाही, पण गाडी कंपनीच्या वर्कशॉपमधे गेली असेल तर त्यांच्या सिस्टीमवर तिचा इतिहास असतो. आरसीची प्रत घेऊन गेलात तर गाडी नंबर आणि चासी नंबरवरून ते बघून सांगतात. त्यात बुकलेटमधे नसलेली एखादी सर्व्हिस सापडली तर वरचा तक्ता बदलेल, तो नव्याने करा. तिथले किलोमीटरचे आकडे शिक्क्यांशी जुळतात का तेही बघा. आधीच्या तारखेला जास्त आणि नंतर कमी असा आकडा निघाला तर प्रश्न सर्व्हिसचा उरत नाही, मीटरचा होतो. तुमच्या फोटोंत मला तसं काही दिसलं नाही.

पुढचं वेळापत्रक मात्र जुन्या मालकाच्या रनिंगवर बांधू नका. तो शेवटच्या सोळा महिन्यांत महिन्याला ५७५ च्या आसपास चालवत होता. तुमचे बावीस दिवसांचे ३५ प्रमाणे ७७० होतात, शनिवार-रविवार धरून ९०० म्हणा. समजा पुढच्या आठवड्यात ४८,००० ला काम केलंत. तक्त्याप्रमाणे पुढचं ऑइल ५८,००० ला किंवा जून २०२६ ला, आणि ९०० च्या हिशोबाने ५८,००० हे मे २०२६ मधेच येतील. रोजचा ट्रॅफिक बघता मी ८,००० वरच घ्यायला सांगेन, म्हणजे ५६,०००, साधारण मार्च २०२६. ब्रेक फ्लुइडला किलोमीटर मोजायची गरजच नाही. ४०,००० व्हायला तुम्हाला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील, त्याआधी जून २०२७ येईल. एअर फिल्टर बदललात तर तो आता ८८,००० ला मोजायचा, छापलेल्या ८०,००० ला नाही. पण दर सर्व्हिसला उघडून बघा. रस्त्यांची आणि मेट्रोची कामं चालू आहेत तोवर तो तेवढा टिकेल असं मी धरणार नाही.

९०० हा अंदाज आहे. तीन महिन्यांनी ओडोमीटर बघून खरा आकडा काढा आणि या तारखा पुढे-मागे सरकवा. वर्क फ्रॉम होम सुरू झालं किंवा कामाची जागा बदलली तरी तेच करा.

गॅरेजमधे गाडी देताना जॉब कार्डवर ‘४०,००० ची सर्व्हिस’ किंवा ‘५०,००० ची सर्व्हिस’ असं लिहू देऊ नका. ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड ‘बदलणे’ आणि प्लग ‘काढून दाखवणे’ असं एकेक काम लिहून घ्या. बिलातही भाग आणि द्रवाची प्रत सुटी-सुटी यायला हवी. बुकलेटमधे शिक्का घ्या आणि त्याच पानाला बिल स्टेपल करा. गळलेल्या पानाचा आणि तक्त्याचा नवा फोटो इथे टाकलात तर मी वरचा तक्ता पुन्हा तपासून देईन.